ह्या नकाशातली जागा किती मोठी आहे?

मोहोर_२२
नमस्कार मंडळी. गुहागरकडच्या आमच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत हा कागद सापडला. त्याचा फोटो जोडते आहे. मला एकच विचारायचं आहे, ही जागा किती मोठी आहे?

कागदावर पाच कोपऱ्यांची आकृती आहे. मधून एक लांब रेघ गेली आहे. तिच्या एका टोकाला 'जुना आंबा' लिहिलंय आणि दुसऱ्या टोकाला 'पऱ्याकडील दगड'. त्या रेघेतून दोन्ही बाजूंना छोट्या आडव्या रेघा कोपऱ्यांपर्यंत गेल्या आहेत. आकडे मला असे दिसले: लांब रेघेवर ५११. डाव्या बाजूच्या आडव्या रेघांवर १११ आणि २, उजव्या बाजूच्या एकुलत्या रेघेवर २१११. आडव्या रेघा जिथून निघतात तिथे १११, ४ आणि ३ असं लिहिलंय. फूट, मीटर असं काहीच कुठे नाही.

पूल_बांधणारा
मी सिव्हिलमध्ये आहे. एककच लिहिलेलं नसेल तर फूट धरा. मधली रेघ ५११ फूट, उजवीकडची २१११ फूट. पण मग डावीकडे २ फूट कसे? आकडे चुकीचे वाचले गेलेत असं वाटतं. फोटो सरळ वरून काढून पुन्हा टाकाल का? तिरक्या फोटोवर मोबाइलमधल्या पट्टीने मोजायला मात्र जाऊ नका, आकार फसवा येतो.

तिन्हीसांजा
आमचंही अगदी असंच आहे. चुलत्यांनी जागा परस्पर मोजून घेतली आणि आमच्या वाट्याला पऱ्याची बाजू आली. तुम्ही विकायला काढताय का? तुकडेबंदीचं आधी बघा, नाहीतर खरेदीखत अडकतं.

मोहोर_२२
विकायची नाही हो. आईने विचारलं, "आपली जागा नेमकी केवढी गं?" आणि मला सांगता आलं नाही, म्हणून विचारलं.

शंकू_साखळी
पोरी, ते आकडे १११ आणि ५११ नव्हेत. शेवटचे एक-एक म्हणजे उभ्या रेघा आहेत. जुने लोक पाव एका रेघेने लिहीत, अर्धा दोन रेघांनी आणि पाऊण तीन रेघांनी. म्हणजे ५॥ हे साडेपाच, १॥ हे दीड आणि २॥। हे पावणेतीन. तुझ्या आजोबांनी दुकानाच्या वहीत रुपये लिहिले असतील तर तेही असेच लिहिले असतील, ५॥ म्हणजे पाच रुपये आठ आणे.

मी भूकरमापक म्हणून नोकरी केली, रत्नागिरी जिल्ह्यातच. असे कागद खूप हाताळलेत. हा मूळ टिपण नव्हे, टिपणावरून कुणीतरी घरी उतरवून घेतलेली नक्कल दिसते. पण पद्धत तीच आहे: मधे एक लांब साखळीची रेघ आणि तिच्यावर शंकूने काटकोन धरून कोपऱ्यांपर्यंत टाकलेले लंब. टिपण प्रमाणात काढलेलं नसतंच, त्यामुळे चित्र बघून लांबी ठरवता येत नाही. खरं काय ते आकड्यांत असतं.

एक सांग, कागदाच्या वरच्या कडेला काही लिहिलंय का? फोटोत ती कड कापली गेली आहे.

मोहोर_२२
हो काका, आहे! मला ते काही महत्त्वाचं वाटलं नाही. 'क्षेत्र ०-१४-' आणि मग एक पुसट आकडा. १ असेल नाहीतर ९. शाई पसरली आहे.

पूल_बांधणारा
मग साखळीच असणार. साखळी ६६ फुटी असते, १०० कड्यांची, आम्हाला कॉलेजात हीच शिकवली. साडेपाच साखळ्या म्हणजे ३६३ फूट. मी हिशेब केला, जागा सुमारे ६३,४०० चौरस फूट येते. जवळपास दीड एकर. अभिनंदन, मोठी जागा आहे.

शंकू_साखळी
पूलवाले, तुमची साखळी खरी आहे, पण इथे ती लागू होत नाही. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत ३३ फुटी साखळी चालली आणि तिचे भाग १०० नव्हे, १६ होते. त्या भागाला आणा म्हणत. एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच. ३३ फुटीच का, तर एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौकोन केला की बरोबर एक गुंठा होतो, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. साखळ्यांचा साखळ्यांशी गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यांत येतं, मोजणीदाराला वेगळं रूपांतर करावंच लागत नाही.

पण हे मी सांगतो म्हणून मानू नका. कागदच सांगतो का ते बघू. आंब्यापासून मोजत जाऊ.

डावीकडे पहिला लंब आंब्यापासून दीड साखळीवर आहे आणि तो दीड साखळी लांब आहे. आंब्याजवळ त्रिकोण झाला: दीड गुणिले दीड, त्याचं निम्मं, १.१२५ गुंठे. पुढचा लंब ४ साखळ्यांवर, लांबी २. दोन लंबांमधलं अंतर अडीच साखळ्या. दीड आणि दोनची सरासरी पावणेदोन. पावणेदोन गुणिले अडीच म्हणजे ४.३७५. तिथून दगडापर्यंत दीड साखळी उरते, तो शेवटचा त्रिकोण: दीड गुणिले दोन, त्याचं निम्मं, १.५. डाव्या बाजूची बेरीज बरोबर ७ गुंठे.

उजवीकडे एकच लंब आहे, ३ साखळ्यांवर, पावणेतीन लांबीचा. तो एकच मोठा त्रिकोण आहे. साडेपाच गुणिले पावणेतीन, निम्मं केलं की ७.५६२५.

एकूण १४.५६२५ गुंठे. गुंठ्याचेही १६ आणे असतात. ०.५६२५ ला १६ ने गुणलं की ९ येतात. म्हणजे १४ गुंठे ९ आणे, आणि तुझ्या कागदावर वर लिहिलंय ०-१४ आणि पुसट १ किंवा ९. तो ९ आहे. शून्य म्हणजे एकर नाही.

साखळी ६६ फुटी असती तर क्षेत्र चौपट, ५८ गुंठ्यांवर गेलं असतं, आणि वर १-१८-४ लिहिलेलं दिसलं असतं. १४ चा आकडा ३३ फुटी साखळीनेच जुळतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: कागदाप्रमाणे जागा १४ गुंठे ९ आणे आहे. सुमारे १५,८५९ चौरस फूट किंवा १,४७३ चौरस मीटर. आईला सांगताना "साडेचौदा गुंठ्यांना थोडी वरच" म्हण.

मोहोर_२२
काका, अंगावर काटा आला. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, आजोबा कायम "साडेचौदा" असंच म्हणायचे, पण कशाचे साडेचौदा ते कुणाला ठाऊक नव्हतं.

एक शंका आहे. उजव्या लंबावर तीन रेघा आहेत की दोन, याची मला अजून खात्री नाही. तिसरी रेघ कागदाच्या घडीवर आली आहे.

शंकू_साखळी
चांगली शंका काढलीस. दोनच रेघा असत्या तर लंब अडीच साखळीचा. मग उजवी बाजू ६.८७५ आणि एकूण १३.८७५, म्हणजे १३ गुंठे १४ आणे. वरच्या ओळीतला १४ मग जुळत नाही. १४ स्पष्ट वाचता येतोय ना? मग तिसरी रेघ खरी आहे, घडी नव्हे.

मात्र पुसट आकडा आणि पुसट रेघ ही दोन्ही एकमेकांच्या आधाराने लावली आहेत, हे लक्षात ठेव. साखळी ३३ फुटी हे १४ वरून नक्की ठरलं. ९ आणे मात्र माझ्या गुणाकाराचे आहेत, तुझ्या डोळ्यांनी वाचलेले नाहीत. मूळ टिपणाची आणि गुणाकार बुकाची प्रमाणित नक्कल मोजणी खात्यातून मिळाली की तेही पक्कं होईल.

चिरेबंदी
आमच्याकडे जागेच्या व्यवहारात गुंठा हजार फुटाचाच धरतात. मग साडेचौदा हजार फूट झाली. काका म्हणतात त्यापेक्षा कमी.

शंकू_साखळी
चिरेबंदी, तोंडी बोलायला हजार ठीक आहे. पण गुंठा हजाराचा धरला तर ह्याच जागेत १,२९६ चौरस फूट हरवतात. सव्वा गुंठ्याहून जरा कमी. विकणाऱ्याचा तेवढा तोटा, कागदावर एक शब्दही खोटा न लिहिता. गुंठा १,०८९ चाच धरा. आणि आर वेगळा, तो १०० चौरस मीटरचा, म्हणजे १,०७६ चौरस फूट. गुंठा आणि आर इतके जवळ आहेत की लोक एकाच्या जागी दुसरा लिहितात.

कोलंबी_मालवण
काकांनु, माका एक विचारूचा होता. आमच्या आजोबांच्या कागदार 'दोन कुडवाचा शेत' इतक्याच लिवलेला असा. साखळी नाय, आकृती नाय. ह्येचे गुंठे किती होतले?

शंकू_साखळी
होत नाहीत बाबा. कुडव हे धान्याचं माप. दोन कुडवाचं शेत म्हणजे जमिनीची लांबी-रुंदी नव्हे, किती भाताचा हिशेब त्या शेतावर चालतो ते. कोणी पेरायचं बी धरत असे, कोणी येणारं पीक. मळ्यातली कुणगी आणि भरडातलं शेत दोन्ही दोन कुडवाची असली तरी आकाराने सारखी असतीलच असं नाही. गुणून गुंठे काढणारा तुम्हाला भेटला तर त्याला विचारा, कुठल्या जमिनीवरून काढलेस. तुमचा सर्व्हे नंबर शोधा, क्षेत्र तिथून मिळेल.

कोलंबी_मालवण
बरा झाला सांगितलास. मी एका वेबसायटीर गुणान बघितलंय, आणि सात गुंठे इले होते.

मोहोर_२२
काल भाऊ गावी गेला होता. त्याने आंब्यापासून पऱ्याकडच्या दगडापर्यंत टेप टाकली. आंबा अजून उभा आहे, दगडही सापडला. टेपमध्ये १८५ फूट आले. काकांच्या हिशेबाने साडेपाच साखळ्या म्हणजे १८१॥ व्हायला हवे. (मीही आता रेघा लिहायला लागले!) साडेतीन फूट जास्त कसे?

पूल_बांधणारा
जुनी साखळी ताणून लांब झालेली असणार. झिजते ती, कड्या उघडतात. लांब साखळीने मोजलं की आकडा कमी येतो.

शंकू_साखळी
साखळी लांबते हे खरं. पण मोहोर, आंब्याकडून पऱ्याकडे उतार आहे ना? टेप जमिनीला लागून टाकली का?

मोहोर_२२
हो, चांगला उतार आहे. भाऊ म्हणतो, पाच पावलं गेलं की कमरेपेक्षा थोडं कमी खाली उतरतो. टेप जमिनीवरूनच टाकली.

शंकू_साखळी
मग साखळीला दोष देऊ नका. मोजणी आडव्या अंतराची असते, उतारावरच्या अंतराची नसते. दर पाच फुटांना एक फूट उतार असेल तर आडवे १८१॥ फूट जमिनीवरून १८५ च भरतात. तुमच्या कोकणात हे घडतंच, सड्यावरून वहाळाकडे उतरणारी जागा असते. उतारावरून मोजून क्षेत्र काढलं तर ह्या जागेत तीनशे चौरस फुटांच्या वर खोटी वाढ दिसेल.

भावाला सांग, दोघांनी मिळून मोजा. टेप आडवी धरायची, खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा, ओळंबा टेकेल तिथे खुंटी मारायची, तिथून पुढची टेप. पायऱ्या पायऱ्यांनी उतरायचं. एका वेळी दहा-पंधरा फुटांपेक्षा जास्त नको, टेपला झोळ पडतो.

मोहोर_२२
केलं. दोन वेळा केलं. एकदा १८२, एकदा १८१ फूट १० इंच. आंब्याचा बुंधा केवढा जाड आहे ते बघता मला हे पटलं.

आता खरा घोळ सांगते. ऑनलाइन सातबारा काढला, त्यावर क्षेत्र ०.१२.६० आहे. आमचे तर १४-९ होते ना?

चिरेबंदी
१२ गुंठे ६० आणे. ६० आणे म्हणजे पावणेचार गुंठे. मिळवा, पावणेसोळा झाले. वाढलीच की.

शंकू_साखळी
नाही, नाही. असं वाचू नका. आताचा सातबारा हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतो. ०.१२.६० म्हणजे १२ आर ६० चौरस मीटर, १,२६० चौरस मीटर. गुंठ्यांत साधारण १२ गुंठे ७ आणे. आणे १५ च्या पुढे जातच नाहीत, १६ झाले की गुंठा होतो. शेवटच्या घरात १६ किंवा त्यावरचा आकडा दिसला की तो आणा नव्हे हे समजून घ्या.

उलटी चूकही होते. कुणी तुमचा १४-९ हा आर समजून १,४०९ चौरस मीटर वाचला तर ६४ मीटर जातात. बरोबर रूपांतर झालं असतं तर सातबाऱ्यावर ०.१४.७३ दिसायला हवं होतं.

म्हणजे २१३ चौरस मीटर कमी आहेत, सुमारे २,२९३ चौरस फूट. सातबाऱ्यावर पोटखराब किती आहे? तो वेगळा लिहिलेला असतो.

मोहोर_२२
पोटखराब ०.००.४० आहे, आणि एकूण क्षेत्र १२.६० हे तो धरूनच आहे. म्हणजे त्याने भरत नाही. भाऊ म्हणतो उजवीकडच्या कोपऱ्यावरचा दगड आता रस्त्याच्या पलीकडे आहे. पूर्वी तिथे पाखाडी होती, मग रस्ता झाला.

तिन्हीसांजा
बघा, मी म्हटलं नव्हतं. रस्त्यात गेली जागा. आमचीही अशीच गेली.

शंकू_साखळी
रस्त्यात गेली असं म्हणण्याआधी मोजता येईल. रस्ता मधल्या रेघेला साधारण समांतर आहे का? असेल तर कोपऱ्याचं टोक रस्त्यासकट वेगळं झालंय आणि तोही त्रिकोणच आहे. अख्खी उजवी बाजू ८,२३६ चौरस फूट, तिची उंची पावणेतीन साखळ्या, म्हणजे पाऊण फूट धरून ९०॥। फूट. टोकाच्या दगडापासून घराकडच्या रस्त्याच्या कडेपर्यंत काटकोनात ४८ फूट भरले, तर त्या टोकाचं क्षेत्र बरोबर २,२९३ च्या आसपास येतं. तेवढंच एक अंतर मोजून सांगा. आडवं.

मोहोर_२२
रस्ता समांतरच आहे. भावाने मोजलं, ४१ फूट. करवंदीच्या जाळीतून टेप न्यावी लागली.

पूल_बांधणारा
४१ ने टोक १,६८१ चौरस फूट होतं. ६१२ अजून राहिले.

चिरेबंदी
६१२ म्हणजे बरोबर ९ आणे! आणा ६८ फुटाचा, नवाने गुणा. मेट्रिक करताना कुणीतरी ९ आणे सोडून दिले, १४ गुंठेच धरले. सापडलं.

शंकू_साखळी
चिरेबंदी, आकडा जुळतो खरा आणि तसं घडणं अशक्य नाही. पण मी त्यावर बोट ठेवणार नाही. त्या टोकाजवळ अंतर एक फूट चुकलं की क्षेत्र ऐंशी फुटांहून जास्त हलतं, आणि टेप करवंदीतून गेली आहे. ४३ भरले तर तुमचा ९ आण्यांचा मेळ मोडतो. शिवाय रस्त्याची हद्द डांबराच्या कडेपाशी संपते असं नाही, गटार आणि साइडपट्टी धरली तर ती घराकडे सरकलेली असू शकते. तसं असेल तर ४८ सुद्धा होतील.

मोहोर, आईच्या प्रश्नाची आता दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही सांग. आजोबांच्या कागदावर १४ गुंठे ९ आणे. आजच्या सातबाऱ्यावर १२ गुंठे ७ आणे. मधल्या दोन गुंठ्यांसाठी तालुक्याच्या मोजणी कार्यालयात कमी-जास्त पत्रक आणि त्या सर्व्हे नंबरच्या फाळणीची नक्कल माग. तलाठ्याकडून जुने फेरफार घे. रस्त्यासाठी क्षेत्र कमी झालं असेल तर त्याचा फेरफार असायला हवा, आणि त्यावर क्षेत्र किती लिहिलंय ते आर आणि मीटरमध्ये बघ.

मोहोर_२२
सोमवारी भाऊ तालुक्याला जातोय. जाळी तोडून पुन्हा मोजूनच जाईल म्हणतो. फेरफार मिळाला की इथेच टाकते. आईला दोन्ही आकडे सांगितले. ती म्हणाली, रस्ता झाला तेव्हा आजोबांनी कोपऱ्यातला रातांबा तोडायला दिला होता, पण कशावर सही केली का, ते तिला आठवत नाही.